सुताराच्या फोटोखाली काय लिहायचं? माप, मुदत आणि ॲडव्हान्सची गोष्ट

या भागात ॲप नाही, कोडिंग नाही. आज बोलायचंय कपाटाबद्दल. कपाटापेक्षाही, कपाटाच्या फोटोखाली जे चार शब्द लिहिले जातात त्यांच्याबद्दल. (वाचणाऱ्यांसाठी: बोलताना मी शंभर वेळा ‘म्हणजे’ म्हणतो, ते इथे कापलेत. बाकी जवळपास जसंच्या तसं.)

तुमच्या घरात किंवा गल्लीत कुणीतरी हाताचं काम करणारं असेल, तर हे वाक्य तुम्ही ऐकलेलं असणार: “तुला मोबाईलमधलं समजते ना, तेवढं टाकून दे.” मला हे सांगितलं खामगावच्या एका सुतारकाकांनी. नाव नाही घेत, त्यांना आवडणार नाही. बीटेक झालो, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, म्हणजे मला फोटोखाली लिहिता येणारच, असा त्यांचा हिशोब. त्यांचं आधीचं कॅप्शन असं होतं: “सर्व प्रकारचे फर्निचर ऑर्डरप्रमाणे बनवून मिळेल. संपर्क करा.” खाली सात फोटो, त्यातले चार दुसरीकडून उतरवलेले.

यावर फोन येत नव्हते असं नाही. भरपूर यायचे. पण प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा: “हे कपाट केवढ्याले?” काका विचारायचे, केवढं पाहिजे? समोरचा म्हणायचा, फोटोतल्यासारखंच. आता फोटोतलं कपाट किती फुटाचं होतं हे ना समोरच्याला माहीत, ना काकांना, कारण फोटोच त्यांचा नव्हता.

म्हणून कॅप्शन म्हणजे जाहिरात, हा विचार आधी बाजूला ठेवू. ऑर्डरच्या फर्निचरमध्ये कॅप्शन हा व्यवहाराचा पहिला कागद असतो. दुकानात तयार कपाट ठेवलेलं असतं. माणूस दार उघडून बघतो, भाव करतो, टेम्पोत टाकून नेतो. इथे वस्तू अजून जन्मलेलीच नाही. पैसे आधी मागायचेत, वस्तू तीन आठवड्यांनी द्यायची आहे. तो विश्वास कशावर ठेवायचा, तर फोटो आणि त्याखालच्या ओळींवर.

फोटो आपल्याच हातचा

उतरवलेल्या फोटोंचा तोटा फक्त खोटेपणाचा नाही. परदेशी फोटोतलं कपाट बहुतेक वेळा कारखान्यात मशीनवर झालेलं असतं, रंग फवारलेला, हँडल नाहीच. ते बघून गिऱ्हाईक येतं आणि त्याला हवं असतं तेच. काका करतात प्लायवर सनमायका. दोन्ही चांगलं, पण दोन्ही वेगळं. मग काम झाल्यावर “फोटोत असं नव्हतं” हे वाक्य येतंच येतं.

आम्ही चारही फोटो काढून टाकले. राहिलेल्या तीनपैकी एका कपाटाचे नीट फोटो काढायला त्या घरी गेलो, घरच्यांना विचारून. तीनच फोटो पुरतात: एक समोरून पूर्ण, एक दारं उघडून आतलं, आणि एक जवळून, जिथे कडेची पट्टी आणि बिजागरी दिसते. तिसरा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, पण जाणकार माणूस तोच बघतो. कडेला प्लायचे थर उघडे दिसतात की पट्टी सफाईने बसवली आहे, दोन दारांमधली फट वरून खालपर्यंत सारखी आहे की खाली रुंद होत जाते, यावरून हात कळतो. फोटोत देवघर, घरच्यांचे फोटो, भिंतीवरची कागदपत्रं येऊ द्यायची नाहीत. लोकांचं घर आहे ते.

आणि प्रत्येक फोटोला नंबर. ही माझी इंजिनिअरची सवय. ‘ते चॉकलेटी वालं’ असं बोलून कुणाला काही कळत नाही. ‘कपाट ७’ म्हटलं की दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतात. व्हॉट्सॲपची लिंक अशी बनवता येते की दाबल्यावर तो नंबर आधीच टाईप होऊन येतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=KAPAT-7
```

एक्सच्या जागी दहा आकडी मोबाईल नंबर, आधी ९१, मध्ये अधिकची खूण किंवा जागा सोडायची नाही. एवढंच.

फूट कोणता, भाव कशाचा

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येऊ. सुतार म्हणतो “तेराशे रुपये फूट”. दुसरा म्हणतो “साडेचारशे फूट”. ऐकणाऱ्याला वाटतं पहिला लुटतोय. प्रत्यक्षात पहिला मालासकट सांगतोय, दुसरा फक्त मजुरी. प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, चॅनल, फेविकॉल सगळं तुम्ही आणून द्यायचं. (हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील.) कॅप्शनमध्ये ‘मालासकट’ किंवा ‘फक्त मजुरी’ हा एक शब्द नसेल, तर भावाला काही अर्थ नाही.

दुसरा गोंधळ फुटाचा. कपाटाचा स्क्वेअर फूट समोरून मोजतात, रुंदी गुणिले उंची. आतली दोन फुटांची जागा त्यात धरत नाहीत, ती भावात आलेली असते. कपाट ७ आहे ६ फूट रुंद, ७ फूट उंच. म्हणजे ४२ फूट. तेराशेने ५४,६०० रुपये. वर माळा काढला तर तो वेगळा मोजला जाईल, आणि हेही आधीच लिहायचं.

मी काकांना विचारलं, यात तुमचे किती? त्यांनी मला प्लायचा हिशोब करून दाखवला, आणि मला तो फार आवडला, म्हणून सांगतो. प्लायची शीट ८ बाय ४ फूट. दोन बाजू आणि मधला उभा भाग, असे ७ बाय २ चे तीन तुकडे. एका शीटमध्ये दोन बसतात, तिसऱ्यासाठी दुसरी शीट अर्धी कापायची. तिच्या उरलेल्या अर्ध्यात ३ बाय २ च्या दोन फळ्या. तिसऱ्या शीटमध्ये वरचा आणि खालचा भाग, ६ बाय २ चे दोन, आणि उरलेल्या तुकड्यात तिसरी फळी. चार दारं, प्रत्येक दीड फूट रुंद, एका शीटमध्ये दोन, म्हणजे आणखी दोन शीट. झाल्या पाच, १८ एमएमच्या. पाठीला ६ एमएमच्या दोन. उरलेल्या पट्ट्यांत ड्रॉवर. करवतीच्या पात्यानेही दोन-तीन एमएम जातात, म्हणून ‘दोन फूट’ खोल कपाट प्रत्यक्षात थोडं कमी भरतं. त्यात सनमायका, बिजागऱ्या, कुलपं धरली की निम्म्याहून जास्त रक्कम दुकानदाराला जाते. या कपाटात ती साधारण ३३,००० झाली.

हा आकडा लक्षात ठेवा, ॲडव्हान्सच्या वेळी लागेल.

प्लाय कोणती हेही एका ओळीत लिहायचं. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द बाजारात फार स्वस्त झालाय. बेडरूमच्या कपाटाला साधी कमर्शियल, म्हणजे एमआर प्लाय चालते. ती ओलसर हवेला टिकते, पाण्याला नाही. किचनच्या सिंकखाली तीच लावली तर फुगणार. तिथे बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० ची मरीन प्लाय लागते. शिक्का शीटवरच छापलेला असतो, गिऱ्हाइकाला माल आल्या दिवशी बघायला बोलवा. सनमायका चिकटली की काही दिसत नाही.

माप घ्यायला कधी यायचं

गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर माप पाठवतं: “भिंत ६ फूट”. काका हसतात. भिंत कधीच ६ फूट नसते. वर ६ फूट, मध्ये ५ फूट ११ इंच, खाली पावणेबारा इंच आणि एक फुगवटा. म्हणून रुंदी तीन ठिकाणी मोजायची, उंची तीन ठिकाणी, आणि सगळ्यात लहान माप धरायचं. उरलेली फट पट्टीने झाकता येते. मोठं केलेलं कपाट मात्र आत जात नाही. कोपरा काटकोनात आहे का हे गुण्या लावून, भिंत सरळ उभी आहे का हे ओळंब्याने बघायचं.

माप म्हणजे फक्त भिंतही नाही. स्विच बोर्ड कुठे, खोलीचं दार उघडल्यावर कपाटाच्या दाराला लागतं का, खाली टाईल्सची पट्टी किती पुढे आली आहे, पंख्याचं पातं कुठवर फिरतं. आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट: जिन्यातून वळेल का? दिवाण कारखान्यात अख्खा बनवून आणला आणि जिन्याच्या वळणावर अडकला, ही गोष्ट प्रत्येक सुताराकडे असतेच. जागा अरुंद असेल तर तुकड्यांत बनवून खोलीत जोडायचा.

वेळेचा मुद्दा याहून मोठा. आपल्याकडे नवीन घरं बांधताना लोक घाई करतात, फरशी बसायच्या आधीच सुताराला बोलावतात. फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून जमीन दीड-दोन इंच वर येते. आधी घेतलेल्या उंचीत तेवढं कपाट उंच होतं. म्हणून कॅप्शनमध्ये लिहायचं: ‘प्लास्टर आणि फरशी झाल्यावर माप’. छताला पीओपी करायची असेल तर तीही आधी सांगायची.

भेटीचे पैसे घ्यायचे की नाही, यावर आमचा वाद झाला. काका म्हणाले, “पाहाले जायाचे पैसे कोणी घेते का बाप्पा?” मी विचारलं, गेल्या महिन्यात किती ठिकाणी गेलात? अकरा. ऑर्डर किती? तीन. त्यातलं एक गिऱ्हाईक घाट चढून बुलढाण्याचं, त्या दिवशीचं काम पूर्ण बुडालं. शेवटी ठरलं असं: खामगावात मोफत, शेगाव-नांदुऱ्याला २०० रुपये, घाटावर ५०० रुपये, आणि ऑर्डर दिली की ते बिलातून वजा. फुकट हिंडवणारे कमी होतात. ज्याला खरंच करायचंय त्याचा एक रुपयाही जास्त जात नाही.

मुदत कधीपासून मोजायची

“किती दिवसात मिळेल?” याचं उत्तर सगळे सुतार देतात “पंधरा दिवस”. आणि सगळी गिऱ्हाइकं ते फोन केलेल्या दिवसापासून मोजतात. भांडणाचं मूळ इथे आहे.

आमच्या ऑफिसात ज्याला ‘काम किती तासांचं’ आणि ‘हातात कधी मिळेल’ असा फरक म्हणतात, तोच इथे आहे. कपाट ७ चं खरं काम नऊ दिवसांचं: माल आणायला दोन दिवस, खोका उभा करायला तीन, दारं आणि सनमायका तीन (चिकटवल्यावर रात्रभर दाबाखाली ठेवावं लागतं, घाई केली की कडा उचलतात), फिटिंग एक. पण काकांच्या हातात आधीच दोन ऑर्डरी. एक माणूस, एक मदतनीस. म्हणून नऊ दिवसांचं काम एकवीस दिवसांत. यात काही लपवण्यासारखं नाही. उलट ‘सध्या हातात दोन ऑर्डरी आहेत’ असं लिहिलं की लोकांना काम चालू आहे हे कळतं.

मुदत सुरू कधी होते, हे स्पष्ट हवं: ॲडव्हान्स आला आणि सनमायकाचा नंबर पक्का झाला, त्या दिवसापासून. दोन्ही झालं पाहिजे. ॲडव्हान्स देऊन आठ दिवस घरात रंगावर चर्चा चालते, आणि ते आठ दिवस सुताराच्या नावावर लागतात. निवडलेला नंबर खामगावात मिळाला नाही तर अकोल्याहून मागवावा लागतो, तेही दिवस सांगून टाकायचे.

हवामानही मुदतीत येतं, हे मला माहीत नव्हतं. सागवानी कामावर पॉलिश करायचं असेल तर पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही, आणि हवेत ओल जास्त असली की लॅकरवर पांढुरकी झाक येते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमधल्या पॉलिशच्या कामाला काका चार-पाच दिवस जास्त धरतात. उलट मे महिन्यात आपल्याकडे लाकूड इतकं वाळतं की तेव्हा घट्ट बसवलेलं सागवानी दार पावसाळ्यात फुगून अडतं. उन्हाळ्यात काम घेताना फट जरा जास्त सोडायची. प्लायला हा त्रास बराच कमी.

आणि लग्नसराई. मुलीच्या लग्नात द्यायचं कपाट आणि पलंग, याला दुसरी तारीख नसते. हळदीच्या आदल्या दिवशी कपाट आलं नाही तर नंतर ते सोन्याचं असलं तरी उपयोग नाही. त्यामुळे लग्नाच्या ऑर्डरीला काका आता लग्नाच्या आठ दिवस आधीची तारीख लिहून देतात, आणि ती जमत नसेल तर ऑर्डर घेतच नाहीत. आमच्या कॅप्शनमध्ये ओळ आहे: ‘लग्नाची तारीख आधी सांगा’.

ॲडव्हान्स

पैसे मागताना काका लाजायचे. पाच हजार घ्यायचे, बाकीचा माल दुकानातून उधार. एकदा असंच एक टीव्ही युनिट अर्धं झालं आणि समोरच्याने “घरचे नाही म्हणतात” म्हणून सोडून दिलं. आता पाच फूट चार इंचाच्या कोनाड्यासाठी बनवलेलं युनिट दुसऱ्या कुणाच्या घरात बसणार? ते वर्षभर कारखान्यात उभं होतं, त्यावर खिळ्यांचे डबे ठेवलेले. तयार फर्निचर एकाने नाही घेतलं तर दुसरा घेतो. मापाच्या फर्निचरला दुसरं गिऱ्हाईक नसतं. ॲडव्हान्स मागण्याचं कारण एवढंच आहे, आणि ते गिऱ्हाइकाला सांगितलं तर पटतं.

म्हणून रक्कम मालाच्या खर्चावरून ठरवायची. कपाट ७ साठी ऑर्डरच्या वेळी ३३,०००, म्हणजे साधारण साठ टक्के. खोका उभा राहिला की १६,०००. तेव्हा गिऱ्हाइकाने येऊन आतली रचना बघायची, बदल असेल तर सनमायका लागायच्या आधी सांगायचा. शेवटचे ५,६०० फिटिंग झाल्यावर, सगळी दारं-ड्रॉवर उघडून बघून. शेवटचा हप्ता गिऱ्हाइकाच्या हातात राहतो, त्यामुळे त्यालाही धीर. पूर्ण पैसे आधी मागणाऱ्या सुतारापासून तुम्हीही सावध राहा, आणि ‘काम झाल्यावर सगळे देतो’ म्हणणाऱ्यापासून सुताराने.

रद्द झालं तर? माल आणायच्या आधी रद्द केलं तर माप-भेटीचा खर्च सोडून सगळे परत. शीट कापल्या असतील तर त्या मालाचे पैसे कापून बाकी परत. ‘ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं लिहायला मी नाही म्हणालो. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ चा सूर असा की करार मोडला तर वाजवी भरपाई मिळते. कागदावर कितीही मोठा आकडा लिहिला तरी तेवढा आपोआप मिळतोच असं नाही. शिवाय ते वाक्य वाचून चांगलं गिऱ्हाईकही पळतं.

एक सावधगिरी सुतारांसाठी. नंबर सगळीकडे टाकला की एक फोन हमखास येतो: हिंदीत, मोठी ऑर्डर, माप नको, भाव नको, “ॲडव्हान्स भेजता हूँ, ये क्यूआर स्कॅन करो”. थांबा. पैसे घ्यायला कधीच क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. माप न विचारता ऑर्डर देणारा माणूस, यातच सगळं आलं.

तर शेवटी काय लिहिलं

लांबीबद्दल एक गंमत. ‘फर्निचर’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण मोबाईल आतून तो सात मोजतो, कारण मात्रा आणि हलन्त वेगळे धरतो. त्यामुळे मराठी कॅप्शन वाटतं त्यापेक्षा लवकर मोठं होतं आणि ‘आणखी वाचा’च्या मागे जातं. म्हणून वस्तू, माप आणि भाव पहिल्या दोन ओळींत. बाकी खाली. आमचं हे असं झालं (व्हॉट्सॲपवर दोन्हीकडे चांदणी टाकली की मधलं ठळक होतं):

> \*कपाट ७: रुंदी ६ फूट, उंची ७ फूट, आत २ फूट\*
> \*५४,६०० रु. मालासकट\* (समोरून ४२ फूट, १,३०० रु. फूट, माळा वेगळा)
>
> आमच्याच हातचं काम, खामगाव. फोटो घरच्यांना विचारून.
> १८ एमएम एमआर प्लाय, बाहेर-आत सनमायका, चार दारं, दोन ड्रॉवर.
> तुमच्या भिंतीचं माप वेगळं असेल तर भाव बदलेल.
>
> माप: प्लास्टर-फरशी झाल्यावर आम्ही येऊन घेतो. खामगाव मोफत, शेगाव-नांदुरा २००, घाटावर ५००. ऑर्डर दिल्यास बिलातून वजा.
> मुदत: ॲडव्हान्स आणि सनमायका नंबर पक्का झाल्यापासून २१ दिवस. सध्या हातात २ ऑर्डरी. लग्नाची तारीख आधी सांगा.
> पैसे: ऑर्डरला ३३,०००, खोका उभा झाल्यावर १६,०००, फिटिंगनंतर ५,६००. पावती मिळेल.
> माल कापायच्या आधी रद्द केल्यास भेटीचा खर्च सोडून सगळे परत. कापल्यावर मालाची किंमत वजा.
>
> व्हॉट्सॲपवर ‘कपाट ७’ लिहा, सोबत भिंतीचा फोटो पाठवा.

‘हातात २ ऑर्डरी’ ही ओळ दर आठवड्याला बदलावी लागते. नाहीतर मुदत खोटी होते. स्टेटस चोवीस तासांत जातं, त्यामुळे हेच कॅप्शन व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्येही टाकलंय, तिथे ते राहतं.

फोन आता कमी येतात, हे खरं आहे. पहिल्या आठवड्यात काकांनी मला झापलं, “काऊन रे, तू तं माह्यं गिऱ्हाईकच बंद केलं.” पण जे येतात ते भिंतीचा फोटो घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, माप घ्यायला कधी येता? गेल्या रविवारी मेहकरहून एकाचा आला होता. फरशी बसायची बाकी आहे म्हणाला, झाली की कळवतो. काकांनी वहीत त्याचं नाव लिहून ठेवलंय, समोर फक्त ‘फरशी’ एवढंच.